पाच हजारांची कॉट की साडेनऊ हजारांचं पीजी?

बार्शी

चि. सोनू,

अनेक आशीर्वाद.

मावशीकडे नीट पोचलीस आणि लगेच खोल्या बघायला लागलीस, हे बरं झालं. तू पाठवलेले फोटो आणि दोन्हीकडचे नियम मी आणि बाबांनी वाचले. कर्वेनगरचं पीजी ९,५०० रुपये, 'सगळं धरून'. सदाशिव पेठेतली कॉट ५,००० रुपये, त्यात फक्त कॉट आणि कपाट. तुला कॉट स्वस्त वाटते, बाबांना पीजीत कटकट कमी वाटते. दोघंही एकाच आकड्याकडे बघताय, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी जेवणाचं बोलू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच जातो. पीजीवाल्या काकूंनी 'चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण' असं लिहून दिलंय. पण दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच या वेळात, आणि तेही तिथेच बसून. तुझं वेळापत्रक मी बघितलं. सोमवार ते शुक्रवार सकाळी लेक्चर्स आणि दुपारी प्रॅक्टिकल्स. मग तू त्या वेळात कर्वेनगरला जाणार कशी? म्हणजे आठवड्यातली पाच जेवणं पैसे भरूनही सोडून द्यायची आणि वर कॅन्टीनमध्ये साठ-सत्तर रुपये मोजायचे. महिन्याला कॉलेजचे बावीस दिवस धरले तर हे चौदाशेच्या आसपास जातं. म्हणून काकूंना एकच विचार: सकाळी आठपर्यंत पोळी-भाजीचा डबा भरून मिळेल का? बऱ्याच ठिकाणी देतात, पण आधी ठरवून घ्यावं लागतं. काही जणी डब्याचे वेगळे पैसे घेतात, तेही विचारून घे.

रविवारी रात्री पीजीतही स्वयंपाक नसतो, हे त्यांच्या नियमांत अगदी शेवटी बारीक अक्षरात आहे. पुण्यात मेसलाही हीच पद्धत आहे, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री बंद. त्या चार रात्रींचे चारशे रुपये दोन्हीकडच्या हिशोबात धर.

जेवण कसं आहे ते बघायला रविवारी जाऊ नकोस, त्या दिवशी सगळीकडेच चांगलं असतं. मंगळवारी किंवा बुधवारी पाहुण्याचं कूपन घेऊन जा, आणि मेस बंद व्हायच्या अर्धा तास आधी जा. तेव्हा भाजी उरलेली असते का, आमटीत पाणी वाढवलंय का, पोळ्या गरम आहेत की सकाळीच लाटून ठेवलेल्या, हे लगेच कळतं. तू रोज त्याच वेळेला पोचणार आहेस. लिमिटेड थाळी असेल तर किती पोळ्या आणि पुढच्या पोळीला किती पैसे, तेही बघ.

आणि खाड्यांचा नियम विचार. तू गावी आलीस की त्या दिवसांचे पैसे वळते होतात का? मेसमध्ये साधारणपणे आधी सांगून सलग काही दिवस गेलं तरच खाडा धरतात, एखाद-दुसऱ्या दिवसाचा धरत नाहीत. तू बघितलेल्या मेसमध्ये अख्खा महिना न लावायची मुभा आहे. पीजीत मात्र खाडा नाहीच, असं काकूंनी स्पष्ट लिहिलंय. याचा केवढा फरक पडतो ते खाली बघ.

आता लाइट. पीजीच्या कागदावर '५० युनिट मोफत, पुढे १५ रुपये युनिट' असं आहे. हे ५० युनिट माणशी आहेत की खोलीला, हे तू विचारलंस आणि उत्तर आलं 'खोलीला'. खोलीत तुम्ही तिघी. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट होतं, हे धरून हिशोब कर. साधा पंखा ७५ वॅटचा, दिवसाला चौदा तास फिरला की एक युनिट. गिझर बहुधा २,००० वॅटचा असतो. तिघींच्या आंघोळीला चाळीस मिनिटं चालला तर सव्वा युनिटच्या वर. दिवे, तीन लॅपटॉप, एखादी इस्त्री मिळून आणखी एक. म्हणजे दिवसाला साडेतीन युनिटच्या आत-बाहेर, महिन्याला शंभर. त्यातले पन्नास मोफत, उरलेल्या पन्नासांचे ७५० रुपये, तुझ्या वाट्याला २५०. हे तुम्ही जपून वापरलंत तरचं आहे. एसीची खोली घेतलीस तर हा हिशोब पार बदलतो, म्हणून ती नकोच.

दोन गोष्टी मात्र पक्क्या कर. त्या सबमीटरवर फक्त तुमची खोली आहे ना? काही ठिकाणी पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, सामायिक फ्रिज असं सगळं त्यात जोडलेलं असतं. कसं ओळखायचं? खोलीतली सगळी बटणं बंद कर आणि मीटरचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघ. सगळं बंद असूनही लुकलुकत राहिला तर दुसरं काहीतरी त्यावर चालू आहे. आणि राहायला जाशील त्याच दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून काकूंना पाठव, म्हणजे आधीच्या मुलींचे युनिट तुमच्या माथी येणार नाहीत.

पेठेतल्या घरी महावितरणचं बिल चौघींत विभागतात. तिथे मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं मागून बघ. त्यात एक उन्हाळ्याचं असू दे. महावितरणचा दर युनिट वाढतील तसा वरच्या टप्प्यात चढतो, म्हणून एकाच महिन्याच्या बिलावरून अंदाज येत नाही. मालकांनी १,६०० सांगितलंय, म्हणजे तुला ४००. तू नसलीस तरी हे द्यावे लागतील.

कपड्यांचं फार मनावर घेऊ नकोस. पीजीत आठवड्यातून दोनदा मशीन मिळतं, पेठेत हाताने धुवायचे. रोजचे कपडे तू इथेही धुतेस. चादरी आणि ब्लँकेटं लाँड्रीत दिलीस तर साबण धरून महिन्याला दोनशे पुरतील. बघायचं ते एवढंच, की पावसात वाळत घालायला आडोशाची दोरी कुठे आहे. पीजीच्या फोटोत मला गॅलरी दिसलीच नाही. मशीन असून कपडे खोलीत पंख्याखाली वाळवायचे असतील तर त्याचा अर्धाच फायदा, आणि पंख्याचे युनिटही वाढतात.

डिपॉझिट दोन्हीकडे दोन महिन्यांचं आहे, पण सारखं नाही. पेठेतले मालक महिन्याच्या नोटिशीवर १०,००० पूर्ण परत देतात. पीजीत १९,००० घेऊन जाताना रंग-सफाईचे ४,००० कापून देतात. खोलीला काही झालेलं नसलं तरी कापतात. म्हणून ते ४,००० डिपॉझिट म्हणून मोजायचेच नाहीत, ते भाडंच आहे.

आता सगळं एकत्र मांडते. दोन्ही ठिकाणी ११ महिन्यांचा करार आहे. पण दिवाळी आणि सेमिस्टरमधली सुट्टी मिळून एक महिना, आणि परीक्षेनंतरचा शेवटचा महिना तू घरी असणार. म्हणजे खरं राहणं नऊ महिन्यांचं.

पीजीचे अकरा महिन्यांचे १,०४,५००. नऊ महिने रविवारची जेवणं आणि जास्तीची लाइट मिळून ५,८५०. कापले जाणारे ४,०००. एकूण १,१४,३५०.

पेठेत अकरा महिन्यांचं भाडं ५५,०००. नऊ महिने मेस ३,६००, नाश्ता १,०००, रविवार ४००, लाइट ४००, कपडे २००, वायफायचा वाटा १५०, असे महिन्याला ५,७५० म्हणजे ५१,७५०. तू नसशील त्या दोन महिन्यांची लाइट आणि वायफाय १,१००. एकूण १,०७,८५०.

म्हणजे ५,००० ची कॉट राहिलेल्या महिन्यांवर पसरली तर महिन्याला जवळपास बारा हजारांना पडते, आणि ९,५०० चं पीजी १२,७०० ला. फरक वर्षाचा साडेसहा हजार, तोसुद्धा डबा मिळाला तर. डबा नाही मिळाला तर नऊ महिन्यांत कॅन्टीनचे साधारण साडेबारा हजार वाढतात आणि पीजी एकोणीस हजारांनी महाग पडतं. पेठेतली मेस मात्र सकाळी डबा देते, तू आधीच विचारलंयस.

माझं मत सांगते. काकू सकाळी डबा देत असतील आणि घरी असशील त्या दोन महिन्यांचे जेवणाचे पैसे थोडे तरी कमी करत असतील, तर पीजी घे. परीक्षेच्या दिवसांत ताट समोर येणं मोलाचं आहे, आणि त्यासाठी पाच-सहा हजार जास्त गेले तर मला चालतील. दोन्हीला नाही म्हणाल्या तर पेठेत जा. तिथून कॉलेज जवळ आहे आणि मेस आवडली नाही तर पुढच्या महिन्यात दुसरी लावता येते. पीजीत जेवण बिघडलं तर घरच बदलावं लागतं, आणि मुदतीआधी सोडलं तर किती डिपॉझिट बुडतं हे त्यांनी कागदावर लिहिलेलंच नाही. ते लिहून घे.

पेठेतल्या मालकांशी लीव्ह अँड लायसन्स करार होईल. तो लेखी आणि नोंदवलेला असायला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर असते. 'नंतर बघू' म्हणाले तर बाबांशी बोलणं करून दे. पैसे कुठेही दिलेस तरी यूपीआयने दे, त्यात 'डिपॉझिट' असं लिही आणि पावती घे. सामान आत नेण्याआधी खोलीचा व्हिडिओ काढ. भिंतीचे पोपडे, कपाटाचं कुलूप, आरसा, गादी, बाथरूमचा नळ, सगळं त्यात येऊ दे.

उद्या बुधवार आहे. मेसमध्ये पावणेदोनला जेव, मग काकूंना डब्याचं आणि सुट्टीच्या पैशांचं विचार. त्या काय म्हणतात ते मला रात्री फोनवर सांग, तोवर कुणालाही टोकन देऊ नकोस. खोली जाईल म्हणून घाई करायला लावली तरी नाही. मावशीकडे अजून आठवडाभर राहायला काही हरकत नाही, मी तिच्याशी बोलले आहे.

तुझी,
आई