माळ्यावरचा भाडेकरू आणि दुसरा समीक्षक

मुंबई, १२ जुलै

प्रिय मीनल,

तू पाठवलेलं सगळं वाचून झालं. तुझ्या विद्यार्थिनीचा झोपडपट्टीतल्या भाडेकरूंवरचा लेख, दोन्ही समीक्षकांचे अभिप्राय आणि तिने लिहिलेल्या उत्तराचा कच्चा खर्डा. पोरगी घाबरलीये असं तू लिहिलंयस, पण 'मेजर रिव्हिजन' म्हणजे दार उघडं आहे. ज्यांना लेख नकोच असतो ते चार ओळींत कळवून मोकळे होतात. इथे दुसऱ्या समीक्षकाने अडीच पानं लिहिलीत. एवढा वेळ कुणी उगाच घालवत नाही.

उत्तराचा खर्डा मात्र मला पटला नाही. फार गोड आहे तो. प्रत्येक मुद्द्याला 'मौलिक सूचनेबद्दल ऋणी आहे' अशी सुरुवात आणि 'त्यानुसार योग्य ती दुरुस्ती केली आहे' असा शेवट. कुठे केली, काय केली, पत्ता नाही. हे पत्र समीक्षकांना उद्देशून असलं तरी ते आधी संपादकाच्या हातात पडतं, हे तिला सांग. संपादकाकडे असे वीस लेख पडलेले असतात. लेख पुन्हा त्याच समीक्षकांकडे पाठवायचा की स्वतःच निर्णय घ्यायचा, हे तो पुष्कळदा या पत्रावरून ठरवतो. त्याला लेख न उघडता कळलं पाहिजे: समीक्षक काय म्हणाला (त्याच्याच शब्दांत, न कापता), लेखिकेचं उत्तर काय, आणि बदललेला मजकूर कोणता. तो मजकूर पत्रातच चिकटवायचा, पान आणि ओळ देऊन. आभार एकदाच, सुरुवातीला.

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या समीक्षकाचा तिसरा मुद्दा तिने पाच ओळींत उडवून लावलाय आणि माझ्या मते अख्खा लेख त्याच मुद्द्यावर उभा राहणार आहे.

तिचा दावा असा की मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनातून भाडेकरूंना कायद्यानेच वगळलंय. समीक्षक म्हणतो, नियम नीट वाचा. आणि तो बरोबर आहे. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(१०) मध्ये उलटंच लिहिलंय. झोपडीत जो प्रत्यक्ष राहतो तोच पात्र. नुसता नावाचा मालक, जो तिथे राहत नाही, त्याचं नाव त्या झोपडीवर मतदार यादीत असलं तरी त्याला पुनर्वसनातल्या घरावर हक्क नाही. म्हणजे कागदावर नियम भाडेकरूच्या बाजूने झुकलेला आहे! तिने उत्तरात लिहिलंय की 'समीक्षकांचा गैरसमज झाला असावा, प्रत्यक्षात भाडेकरूंना घर मिळत नाही.' दुसरा भाग खराच आहे. पण पहिला वाचून समीक्षक लेख बाजूला ठेवेल. समीक्षकाचा खरोखरच गैरसमज झाला असेल तरी तसं लिहायचं नसतं. आपलं वाक्य संदिग्ध होतं असं म्हणायचं आणि वाक्य बदलायचं. इथे तर गैरसमजही नाही.

आणि गंमत अशी, की समीक्षकाचं म्हणणं मान्य केलं तर तिचा लेख पडत नाही, चांगला होतो. तिच्याच मुलाखतींत सगळं आहे. राहणाराच पात्र, हा नियम घरमालकाला पक्का ठाऊक आहे, आणि म्हणून तो भाडेकरूला कागदावर येऊच देत नाही. पात्र ठरायचं तर झोपडी १ जानेवारी २००० च्या आधीची असल्याचा आणि आपण तिथे राहतो याचा पुरावा लागतो (१ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपड्यांना घर मिळतं, पण पैसे भरून). पुरावा म्हणजे मतदार यादी, लाइट बिल, जुना फोटोपास. तिच्या वस्तीत लाइट बिल मालकाच्या नावावर. करार अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर, नोंदणी नाही. या पत्त्यावर मतदार म्हणून नाव घालायचं नाही ही तोंडी अट. दोन-तीन वर्षांत खोली बदलायला लावायची. आणि परिशिष्ट-२ साठी, म्हणजे पात्र-अपात्रांच्या यादीसाठी, मोजणी करणारे येणार असं कळलं की मालक सहकुटुंब महिनाभर राहायला येतो. तिच्या चौदाव्या पानावरची ती बाई आठवते? 'घर खाली करा नाही म्हणाले, सर्व्हे होईपर्यंत गावाला जाऊन या म्हणाले, भाडं कापून घेतो म्हणाले.' अगं, या एका वाक्यात तिचा सगळा सिद्धान्त आहे आणि तिने ते तळटीपेत टाकलंय!

आणखी एक बारकावा तिच्या हातून निसटलाय. भाडेकरू दोन तऱ्हेचे आहेत. एक तळमजल्याच्या खोलीत राहणारे. दुसरे माळ्यावरचे, लोखंडी शिडीने बाहेरून वर चढतात ते. पात्रता ठरवताना तळमजलाच धरतात, माळ्यावरच्याला त्यात जागा नाही. म्हणजे 'कायद्याने वगळलं' हे तिचं वाक्य माळ्यावरच्यांपुरतं खरं आहे, आणि तळमजल्यावरच्यांना कायद्याने नव्हे तर मालकाने वगळलंय. दोघांना एकाच टोपलीत घातलं म्हणून समीक्षकाला दावा ढिला वाटला. तिच्याकडे प्रत्येक मुलाखतीत मजला नोंदवलेला आहे, मी लेखाच्या परिशिष्टात पाहिलं. तेव्हा नवी मुलाखत न घेता हा भाग तिला दोन उपविभागांत मांडता येईल.

उत्तर साधारण असं होईल. इंग्रजीत ती लिहीलच, मी आपला मतलब लिहिते:

'समीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. ३३(१०) नुसार प्रत्यक्ष राहणारी व्यक्ती पात्र असते, त्यामुळे "कायद्याने वगळले" हे आमचं मूळ विधान तळमजल्याच्या भाडेकरूंबाबत चुकीचं होतं. ते काढलं आहे. आता लेखाचा दावा असा आहे की हा नियमच घरमालकांना भाडेकरूंचा वास्तव्याचा पुरावा तयार होऊ न देण्यास प्रवृत्त करतो. माळ्यावरच्या भाडेकरूंची स्थिती वेगळी असल्याने त्यांची चर्चा स्वतंत्र उपविभागात केली आहे. सारांश, पान ३ व पानं ११ ते १५ बदलली आहेत. नवा मजकूर खाली.'

चूक मान्य, पण लोटांगण नाही. आणि हो, सारांश बदलायला विसरू नकोस म्हणावं. आत दावा बदलतात आणि सारांशात जुनाच राहतो, हे मी समीक्षक म्हणून कितीदा तरी पाहिलंय.

आता जिथे 'नाही' म्हणायचं ती जागा. पहिला समीक्षक वस्तीचं नाव आणि नकाशा मागतोय. तिने खर्ड्यात नकाशा द्यायची तयारी दाखवलीये. मुळीच देऊ नये. त्या वस्तीची परिशिष्ट-२ अजून अंतिम झालेली नाही असं लेखातच लिहिलंय. उद्या बिल्डरच्या माणसाने किंवा चाळ कमिटीतल्या कुणी लेख वाचला, तर कुठल्या गल्लीतली कुठली बाई बोलली हे ओळखायला त्यांना अर्धा तास लागणार नाही. माळे मोजकेच असतात. शिवाय नाव उघड करणार नाही असं सांगूनच तिने मुलाखती घेतल्यात. पण नुसतं 'गोपनीयतेमुळे शक्य नाही' म्हटलं तर ती पळवाट वाटते. समीक्षकाला नाव कशाला हवं, याचा विचार करायचा. त्याला वस्तीचा प्रकार कळायला हवाय. मग ते द्यावं: पूर्व उपनगरातली वस्ती, जमीन कुणाच्या मालकीची, अधिकृतपणे झोपडपट्टी म्हणून घोषित आहे की नाही, साधारण किती जुनी, पुनर्वसन योजना कुठल्या टप्प्यावर आहे. नकाशाऐवजी एका गल्लीचं हाताने काढलेलं रेखाचित्र, खालच्या-वरच्या खोल्या दाखवणारं, खऱ्या मांडणीत थोडा फेरफार करून, आणि तसा फेरफार केल्याचं चित्राखाली लिहून. नकार एका वाक्यात, कारण दोन वाक्यांत, बाकी परिच्छेदात पर्याय.

तिसरी अडचण खरीच अवघड आहे. दोन्ही समीक्षकांनी विचारलंय की भाडेकरू सापडले कसे. सापडले ते एका एजंटमार्फत, जो त्या वस्तीत खोल्या भाड्याने लावून देतो. म्हणजे ज्यांनी नात्यातून, गाववाल्यांकडून खोली घेतली ते जवळजवळ आलेच नाहीत, आणि अशा ठिकाणी मालक-भाडेकरूचं वागणं वेगळं असू शकतं. आता परत फिल्डवर्क शक्य नाही हे मला कळतं. पण 'भविष्यातील संशोधनात याचा विचार केला जाईल' हे वाक्य काढून टाकायला सांग, त्याने काहीच साधत नाही. दावा आखडता घ्यावा. 'मुंबईतील भाडेकरू' ऐवजी 'एजंटमार्फत खोली घेतलेले भाडेकरू', शीर्षकापासून निष्कर्षापर्यंत. आणि या मर्यादेमुळे निष्कर्ष कुठल्या दिशेला झुकला असेल तेही लिहावं. एजंट असला की करार कागदावर होतो, म्हणजे तोंडी व्यवहारातली परिस्थिती तिच्या लेखात दिसते त्याहून अधिक कच्ची असू शकते. मर्यादेची दिशा सांगणारा विद्यार्थी विरळा, समीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

बाकी किरकोळ. एकाला सैद्धान्तिक चर्चा वाढवून हवी, दुसऱ्याला कमी करून. शब्दमर्यादा तीच. दोघांना खूश करायच्या नादात लेख फुगवू नये. लेखासोबतच्या पत्रात संपादकालाच लिहावं की या दोन सूचना परस्परविरुद्ध आहेत, मी अमुक निवडलं, कारण अमुक, आपलं मत वेगळं असल्यास कळवावं. झोपडपट्टीच्या व्याख्येचा मुद्दा एका तळटीपेत भागेल. जनगणनेत किमान ३०० लोकवस्ती किंवा ६०-७० कुटुंबं धरतात, राष्ट्रीय नमुना पाहणीत २० कुटुंबं, त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, एवढं पुरे.

फाइल पाठवण्याआधी दोन गोष्टी तू स्वतः बघ. पत्रातले ओळींचे आकडे कुठल्या प्रतीचे आहेत, बदल दाखवणाऱ्या की स्वच्छ, ते पहिल्या पानावर लिहिलेलं असू दे. दोन्हींत ओळी सरकतात आणि समीक्षक चुकीच्या जागी शोधत बसतो. आणि समीक्षा दोन्हीकडून निनावी आहे, तर बदलांच्या खुणांवर तिचं नाव दिसतंय ते पुसायला हवं. तू पाठवलेल्या प्रतीत समासातल्या प्रत्येक टिप्पणीवर तिचं आणि तुझंही पूर्ण नाव आहे.

मुदत महिनाअखेरीची आहे ना? पानं ११ ते १५ नव्याने लिहायला तिला तेवढा वेळ अपुरा पडेल. आत्ताच संपादकाला मेल करून तीन आठवडे मागा, आधी मागितलं तर सहसा देतात. नवा तिसरा मुद्दा झाला की फक्त तेवढाच मला पाठव, सगळं नको. गणपतीला येणार असशील तर तिलाही घेऊन ये, माळ्यावरच्या त्या बाईबद्दल मला तिला बरंच विचारायचंय.

तुझी,
वासंती