अकरा महिन्यांचं पत्र

माननीय संपादक,
स. न.

माझी भाची इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून एमएसडब्ल्यू झाली. छोटा उदेपूरच्या कवांट तालुक्यातल्या कामासाठी तिला गेल्या महिन्यात एका संस्थेचं पत्र आलं. मानधन २२,००० रुपये, मुदत ११ महिने, पद ‘सल्लागार’. घरात सगळे बावीस हजार पुरतील का, यावरच बोलत होते. मी सामाजिक संस्थांचे हिशेब सोळा वर्षं लिहिले आहेत, त्यामुळे माझी नजर ‘सल्लागार’ या शब्दावर अडकली.

ही मुलगी रोज मस्टरवर सही करणार, रजेसाठी अर्ज देणार, दुसरं काम घेऊ शकणार नाही. ती नोकरच आहे. पण कागदावर सल्लागार असल्याने दहा टक्के टीडीएस कापून तिच्या हाती १९,८०० येतील आणि कापलेले पैसे विवरणपत्र भरून परत मागावे लागतील. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तिलाच कर्मचारी म्हणून घेतलं आणि मूळ वेतन १५,००० धरलं, तर संस्थेला दरमहा पीएफचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीपोटी सुमारे ७२० रुपये जास्त लागतात. पाच वर्षांत हे दीड लाख होतात. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या कर्मचाऱ्यालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी आहे. अकरा महिन्यांचं पत्र त्याच्या बरोबर एक महिना अलीकडे संपतं!

संस्थाचालक म्हणतात, कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या त्यांच्या निधीतून, पाच टक्क्यांवर प्रशासकीय खर्च देत नाहीत. हा नियम मी वाचला आहे. ती मर्यादा कंपनीने स्वतःचं सीएसआरचं काम सांभाळण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचं वेतन त्यात येत नाही. एका अंदाजपत्रकात मी पीएफ आणि ग्रॅच्युइटी ‘प्रशासकीय’मधून काढून क्षेत्रकार्यकर्तीच्या वेतनात धरली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, मी नियम पुढे ठेवला आणि रक्कम मंजूर झाली. आधीच्या वर्षांत आम्ही ती मागितलीच नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

सगळीकडे हे जमेल असं नाही. परदेशी निधीत प्रशासकीय खर्चाला २०२० पासून वीस टक्क्यांची मर्यादा आहे, तिथली ओढाताण खरी आहे. पाच-सात माणसांच्या संस्थेला तर पीएफ-ग्रॅच्युइटीचा कायदा लागूच होत नाही. पण भाचीच्या संस्थेत चाळीस माणसं आहेत.

तिला कवांटलाच जायचं आहे, आणि तिने जावं असं मलाही वाटतं. ‘मुदतीची कर्मचारी, बारा महिने’ एवढा बदल मागणारं पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं आहे. उत्तर यायचं आहे. आपल्या नोकरीविषयक पानावर ‘सल्लागार’ या एका शब्दाबद्दल सविस्तर माहिती द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदा