पट्टी खाली न सरकवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार.

पुस्तक छापून आलं. तुमची प्रत घेऊन मी येणारच आहे, पण तुमच्यासमोर बसले की मला बोलता येत नाही आणि तुम्ही विषय अनुस्वारांवर नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. मुद्रितशोधकाचं नाव आमच्याकडे फार तर श्रेयपानाच्या तळाशी येतं, तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

बाबा गेल्यावर लिहिलेली ती छोटी कविता तुमच्याकडे येईपर्यंत दोनदा मार खाऊन आली होती. एका स्पर्धेत परीक्षकांनी ती माईकवरून सलग वाचली आणि विचारलं, "एंटर मारला की कविता होते का?" लोक हसले. नंतर एका दिवाळी अंकाने ती घेतली खरी, पण रकाना अरुंद म्हणून ओळी जोडून टाकल्या आणि रकान्याची कड आली तिथे नव्याने तोडल्या. विचारलं तर उत्तर मिळालं, "शब्द सगळे आहेत ना? मग?"

शब्द सगळे होते, खरंच. तुमच्याकडे दिलेल्या हस्तलिखितात ते असे होते :

आई रोज संध्याकाळी
फाटकापाशी उभी
राहते, शेवटची
एसटी येते, बाबा
उतरणार नाहीत हे
तिला ठाऊक
आहे तरी दोन
कपांचं आधण
ठेवते

तुम्ही काही बोलला नाहीत. लाकडी फूटपट्टी घेतलीत, जशी प्रुफं वाचताना ओळीखाली धरता तशी, आणि एकेक ओळ उघडत वाचू लागलात. "राहते, शेवटची." थांबलात. "तिला ठाऊक." थांबलात. "आहे तरी दोन." माझी कविता उचकी लागल्यासारखी ऐकू येत होती. मग एवढंच विचारलंत, "हे 'शेवटची' इथे का लटकतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुक्तछंद म्हणजे वाक्य मध्येच तोडायचं, एवढंच मी शिकले होते. परीक्षकांच्या प्रश्नात तथ्य होतं, काका. हसण्यात नव्हतं.

तेव्हा तुम्ही सांगितलेलं मी घरी येऊन वहीत उतरवलं. वृत्तात ओळ कुठे संपणार हे कानाला आधीच ठाऊक असतं, मात्रा भरल्या की संपली. म्हणून तिथे यती, म्हणजे ठरलेला थांबा, शब्दाच्या मध्ये पडला तर यतिभंगाचा दोष धरत. मुक्तछंदात मोजायला काही नसतं, त्यामुळे ओळ तुटते ती जागाच वाचकाला कुठे थांबायचं ते सांगते. वाक्य आणि ओळ एकाच ठिकाणी संपली तर वाचक निवांत होतो. ओळ संपली पण वाक्य संपलं नाही, तर डोळा पुढे धावतो आणि आवाज किंचित अडखळतो, स्वल्पविरामाहूनही कमी. इंग्रजीवाले याला एन्जॅम्बमेंट म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, त्यात पाय टाकून ओलांडण्याचा अर्थ आहे. पण प्रत्येक ओळीला उंबरा घातला तर माणूस चालणार कसा, असं तुम्ही म्हणालात आणि पुन्हा पट्टी उचललीत.

या वेळी तुम्ही पेन्सिलीने काही ठिकाणी खुणा केल्यात. ओळी अशा झाल्या :

आई रोज संध्याकाळी फाटकापाशी उभी राहते.
शेवटची एसटी येते.
बाबा उतरणार
नाहीत, हे तिला ठाऊक आहे.
तरी आधण ठेवते
दोन कपांचं.

आणि वाचलंत. पहिल्या दोन ओळी तुमच्या सपाट आवाजात पूर्णविरामापर्यंत शांत गेल्या, रोजची संध्याकाळ जाते तशा. तिसरी आली, "बाबा उतरणार". इथे पट्टी खाली सरकायला हवी होती.

तुम्ही ती सरकवली नाहीत.

किती वेळ धरलीत ते मला माहीत नाही, दोन सेकंद असतील. पट्टीखालचा शब्द मीच लिहिलेला होता, तरी तेवढ्या वेळात बाबा एसटीच्या पायरीवर होते, हातात पिशवी घेऊन. मग पट्टी सरकली आणि "नाहीत" आलं, ओळीच्या तोंडाशीच. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. शेजारच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवलात, डोळे पुसायला की नीट उतरवून घ्यायला, ते मी विचारलं नाही. दोन्ही केलं.

बाबा गेल्यापासून सांत्वनाला आलेल्या कोणीही आईचं ते रोजचं उभं राहणं इतका वेळ थांबून पाहिलं नव्हतं.

त्या एका तुकड्यावर मी नंतर खूप विचार केला. मराठीत नकार बहुधा क्रियापदानंतर येतो. "उतरणार नाहीत" म्हणताना "उतरणार" आधी होऊन जातं. बोलण्यात त्या दोन शब्दांमध्ये फटच नसते. ओळ तिथे तोडली की फट पडते आणि तिच्यात आईची आशा मावते. दिवाळी अंकात हे दोन शब्द एका ओळीत आले, म्हणून तिथे ती नुसती बातमी झाली. आणि खरं सांगायचं तर माझ्या मूळ खर्ड्यातही ते एकाच ओळीत होते. सगळीकडे तोडलं होतं, तोडायचं तिथे सोडून.

तुमची झाकून पाहायची परीक्षा मी आता प्रत्येक कवितेला लावते. खालचं सगळं झाकायचं आणि उरलेली ओळ एकटी काय म्हणते ते ऐकायचं. "बाबा उतरणार" पुऱ्या वाक्याच्या उलट म्हणते, म्हणून तिथला खंड कामाचा. "आहे तरी दोन" काहीच म्हणत नाही, फक्त खोळंबा करते.

शेवटच्या ओळीबद्दल मी कुरकुर केली, "दोन कपांचं" मागे टाकलं की बोलण्यासारखं वाटत नाही म्हणून. तेव्हा तुम्ही पसायदानाची पहिली ओवी म्हटलीत. देवें, तोषावें, द्यावें, तीन चरण यमकात बांधलेले. "तोषोनि मज द्यावें", आणि काय द्यावं ते अजून आलेलंच नाही. ते येतं चौथ्या आखूड चरणात, यमक सोडून, "पसायदान हें". "माउलींनी मागणं शेवटी ठेवलंय. तुझ्या आईचे दोन कपही शेवटीच राहू देत." आठवीपासून पाठ असलेली ओवी मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आली.

पुस्तकात एक लांब ओळ पानात मावेना, तेव्हा डीटीपीवाल्या मुलाशेजारी उभं राहून उरलेले दोन शब्द खालच्या ओळीत आत सरकवून घेतलेत, कवयित्रीने तोडलेलं आणि कागदाने तोडलेलं वेगळं दिसावं म्हणून. अंकवाल्यांना हे जमलं नसतं असं नाही. त्यांना विचारावंसं वाटलं नाही, एवढंच. तुम्ही ओळीला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी मला विचारलंत, आणि मी "नको" म्हटलं तिथे पेन्सिलीची खूण खोडून टाकलीत.

"नाहीत"नंतरचा स्वल्पविराम मात्र मी ठेवला आहे. ओळीच्या तोंडाशी आलेल्या शब्दावर आधीच भार पडतो, त्याला आणखी टेकू कशाला, हे तुमचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही. आईला तिथे क्षणभर थांबावं लागतं असं मला वाटतं. रविवारी येते, तेव्हा भांडू. पट्टी काढून ठेवा.

तुमची,
आधणवाली