दादामामा बोलत होता, पण शब्द त्याचे नव्हते

प्रिय मनू,

परवा फोनवर म्हणालीस, वाचाघाताचा तक्ता पाठ केला, पण दुसऱ्या दिवशी सगळं एकमेकांत मिसळलं. त्यात तुझा दोष नाही. तक्त्यात प्रत्येक प्रकाराला एकेक चौकट असते, पण माणूस चौकटीत राहत नाही. तुझा दादामामा तीन महिन्यांत तीन चौकटींतून गेला. तू तेव्हा आठवीत होतीस, म्हणून तुला फक्त "मामाला बरं नाही" एवढंच सांगितलं होतं. आता सगळं सांगते.

सकाळी अकराच्या सुमारास तो दुकानात गिऱ्हाइकाला ठाण उलगडून दाखवत होता. मध्येच त्याचं बोलणं बदललं. हातपाय ठणठणीत, तोंड वाकडं नाही, चालत घरी आला. जवळच्या डॉक्टरांनी तपासलं, साखर पाहिली, ताण आहे म्हणाले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. मामीनं मला फोन केला तेव्हा पाच वाजले होते. "ताई, हे वेड्यासारखं बरळतायत."

मी म्हटलं, फोन त्याच्या कानाला लाव. तो म्हणाला, "अगं, ते फळकं आलं ना, म्हणून त्याला तिकडंच टिकवून ठेवलं, मग घडवी झालीच की." हे वाक्य मी कधीच विसरणार नाही. चाल अगदी दादाची होती, "झालीच की" वरचा हेलही त्याचाच. प्रत्यय जिथल्या तिथे होते. पण 'फळकं' काय आणि 'घडवी' काय? हे शब्दच नव्हते, आणि आपण चुकतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, डोळे मिट." तो बोलतच राहिला. "दादा, म्हण, पाणी." तो म्हणाला, "हो हो, तेच ते तावणी." मामीला सांगितलं, तसाच गाडीत घाल आणि जिथे एमआरआय होतो तिथे ने. मला मेंदूच्या झटक्याची शंका आली. त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते साडेचार तास केव्हाच उलटून गेले होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तू विचारशील, ती बडबड भ्रमाची नव्हती हे कशावरून? भ्रमात माणसाचं लक्ष टिकत नाही. तो पेंगतो, मध्येच दचकतो, तारीख-वार चुकतो, पण त्याचे शब्द बहुतेक खरे असतात, फक्त विषयाला विषय जुळत नाही. घड्याळ दाखवलं तर तो 'घड्याळ' म्हणतो. दादा जागा होता, माझा आवाज ऐकून खूश झाला होता, बोलायची आपली पाळी नेमकी ओळखत होता. फक्त भाषा मोडली होती. हाच वाचाघात. वस्तूंची नावं सांगायला लाव, शब्द तुझ्या मागोमाग म्हणायला लाव आणि दोन ओळी लिहायला लाव. वाचाघातात कागदावरही तसेच बनावट शब्द उतरतात.

हातात बळ का राहिलं, तेही बघ. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी मधली धमनी दोन फाट्यांत विभागते. वरचा फाटा कपाळामागच्या भागाला रक्त देतो. तिथे बोलण्याची जुळणी करणारं ब्रोकाचं क्षेत्र आहे आणि त्याला लागूनच चेहरा नि हात हलवणारी पट्टी आहे. त्यामुळे तिथे गुठळी अडकली की बहुतेक वेळा वाचेबरोबर उजवा हातही लुळा पडतो, आणि घरचे लगेच 'लकवा' म्हणून धावतात. खालचा फाटा कानाच्या वरच्या-मागच्या भागाला रक्त देतो. तिथे ऐकलेल्याचा अर्थ लावणारं वर्निकेचं क्षेत्र आहे. हालचालीची पट्टी तिथून दूर. म्हणून दादाचा झटका कोणाला दिसलाच नाही.

वरच्या फाट्याचा रुग्ण अगदी उलटा. माझ्याकडे एक बाई यायच्या. आज काय केलं विचारलं की घाम गाळून म्हणायच्या, "भात... पोरगा... शाळा." प्रत्यय गळालेले, क्रियापद हरवलेलं, पण सांगितलेलं बरंचसं कळायचं, आणि आपलं अडतंय हे कळत असल्यानं डोळे भरून यायचे. १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात डॉक्टर ब्रोकानं पाहिलेला लबोर्न नावाचा रुग्ण असाच. वर्षानुवर्षं त्याच्या तोंडून जवळजवळ फक्त 'तां' यायचं. एक मात्र लक्षात ठेव. त्याचा मेंदू जपून ठेवलेला आहे आणि २००७ मध्ये त्याच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा इजा ब्रोकानं पाहिलेल्या भागापेक्षा बरीच खोल गेलेली दिसली. फक्त ब्रोकाच्या क्षेत्रापुरती इजा असेल तर वाचा बऱ्याचदा काही आठवड्यांत बरीच सुधारते. लबोर्नसारखी कायमची बसायला आजूबाजूचं आणि खालचंही जावं लागतं.

तू डावखुरी, म्हणून हेही सांगते. ब्रोकानं १८६५ मध्ये भाषा डावीकडे आहे असं मांडलं. उजव्या हातानं लिहिणाऱ्यांत हे शंभरात पंचाण्णवांच्या आसपास खरं ठरतं. पण डावखुऱ्यांतही सुमारे सत्तर जणांची भाषा डावीकडेच असते. तेव्हा डावखुरा रुग्ण आला म्हणून लगेच उजवा गोलार्ध धरू नकोस. उजवीकडे मुख्यतः बोलण्याची चाल आणि हेल असतात. दादाचा तो "झालीच की" उजव्या गोलार्धानंच सांभाळला असणार. वार आणि पाढे म्हणायला लावले तेव्हा पहिल्या आठवड्यातही त्यानं सोमवारपासून शनिवारपर्यंत न अडखळता म्हटलं. पाठ झालेली साखळी अशीच टिकते. तिला सुधारणा समजून घरच्यांना आशा लावू नकोस.

सहा आठवड्यांनी त्याला माझं बोलणं जवळजवळ सगळं कळू लागलं. पण मागोमाग म्हणायला सांगितलं की, "घड... घडी... घड्यी... घड्याळ!" आता चूक त्याची त्याला ऐकू येत होती आणि तो तिच्याभोवती घिरट्या घालत शब्दापर्यंत पोचत होता. हा वहनाचा वाचाघात. ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या क्षेत्रांना जोडणारा कमानीसारखा तंतूंचा जुडगा तुटला की तो होतो, असं तुझ्या पुस्तकात असेल. आता त्या जुडग्याजवळची मेंदूची सालही त्यात धरतात.

म्हणून वॉर्डात तीनच गोष्टी पाहा. ओघ आहे का, कळतंय का, मागोमाग म्हणता येतंय का. दादाचा ओघ कधीच गेला नाही. आधी समज आली, मग मागोमाग म्हणणं सुधारलं. तिन्ही गेलेले असतील तर तो सर्वांगी वाचाघात. आणि बाकी मोडलेलं असूनही मागोमाग म्हणणं शाबूत असेल, तर या दोन क्षेत्रांच्या बाहेरच्या कडेला इजा शोध.

तीन महिन्यांनी उरलं ते एकच, नाव न आठवणं. गेल्या दिवाळीत तू त्याला निळं कापड मागितलंस आणि तो म्हणाला, "ते... आकाशाचं असतं ना, तसलं," आणि ठाण मात्र बरोबर काढलं. तू हसलीस, तोही हसला. पुढच्या वेळी त्याला पहिलं अक्षर सांग, 'नि...' एवढंच, आणि थांब. बाकीचं तो स्वतः म्हणतो.

तुझी,
आई