सगळ्या नळ्या तपासा, नाहीतर निधी नाही?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री,
स.न.वि.वि.

बायोमार्कर, म्हणजे रक्तातल्या आजाराच्या खुणा, यांच्या अभ्यासाचा आमचा प्रस्ताव तुमच्या खात्याने गेल्या आठवड्यात परत पाठवला. त्यावर एका ओळीचा शेरा आहे: ‘कोहोर्टमधील सर्व नमुने तपासले जाणार नसल्याने अभ्यास अपूर्ण.’ कोहोर्ट म्हणजे वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेला माणसांचा गट. मंजुरीचा शब्द आम्हाला आधीच मिळाला होता. तो मोडला गेला याचा संताप आहेच, पण मोडण्यासाठी दिलेले कारणच शास्त्राला धरून नाही.

समजा, 50,000 माणसांचे रक्त उणे 80 अंशांवर साठवले आहे आणि दहा वर्षांत त्यांतल्या 500 जणांना हृदयविकाराचा झटका आला. एक चाचणी 2,000 रुपयांची धरली, तर सगळ्या नळ्यांना 10 कोटी लागतील. पण निष्कर्षाची अचूकता अडते ती रुग्णांच्या संख्येवर. निरोगी नळ्या कितीही तपासल्या तरी रुग्ण 500च राहतात. म्हणून नेस्टेड केस-कंट्रोल या पद्धतीत त्याच गटातून प्रत्येक रुग्णामागे तुलनेसाठी तोवर झटका न आलेले चार जण घेतात. मग 2,500 नळ्या लागतात आणि खर्च 50 लाखांवर येतो. एवढ्यात पूर्ण तपासणीच्या साधारण 80 टक्के सांख्यिकी कार्यक्षमता मिळते. पाचवा माणूस घेतला तर ती जेमतेम 83 वर जाते.

मात्र निवड काटेकोर हवी. झटका आला त्या दिवशी जे अभ्यासात होते आणि तोवर झटक्यापासून मुक्त होते, त्यांच्यातूनच चिठ्ठी काढायची. त्यांतल्या कुणाला पुढे झटका आला तरी तो बाद होत नाही. शेवटपर्यंत ठणठणीत राहिलेलेच निवडले, तर निष्कर्ष एका बाजूला झुकतो.

मधुमेह, पक्षाघात असे अनेक आजार पाहायचे असतील, तर केस-कोहोर्ट ही दुसरी पद्धत सोयीची. सुरुवातीच्या यादीतून एकच यादृच्छिक उपगट काढायचा आणि तो प्रत्येक आजाराच्या रुग्णांशी ताडायचा. युरोपातल्या एपिक-इंटरअ‍ॅक्ट अभ्यासात 3,40,234 लोकांमधून मधुमेहाचे 12,403 नवे रुग्ण आणि 16,154 जणांचा उपगट घेतला. तो अभ्यासही तुमचे खाते अपूर्ण ठरवणार का? या पद्धतीत रुग्णांचे प्रमाण मुद्दाम वाढलेले असते, म्हणून विश्लेषणात भारांक लावावे लागतात. सांख्यिकीतज्ज्ञ प्रेंटिस यांनी त्याची रीत 1986 मध्येच मांडली आहे.

खरा धोका तुमच्या निधीच्या हप्त्यांत आहे. पहिल्या हप्त्यात उपगट तपासला आणि रुग्णांच्या नळ्या दोन वर्षांनी, चाचणी किटच्या नव्या लॉटवर, म्हणजे वेगळ्या वेळी बनलेल्या तुकडीवर तपासल्या, तर दोन लॉटमधला फरकच आजाराची खूण म्हणून दिसू लागतो. हे पकडायचे तर त्याच जुन्या सीरमचे नियंत्रण नमुने प्रत्येक प्लेटवर लावावे लागतात. त्यांचे आकडे सरकले की समजावे, दोष मापनात आहे. यावर उपाय म्हणजे रुग्ण आणि उपगट यांच्या नळ्या सरमिसळ करून एकाच लॉटवर तपासणे, आणि कोणती नळी कुणाची हे प्रयोगशाळेला न सांगणे. पण 31 मार्चची धास्ती, हप्ते आणि निविदा अशा तुकड्यांत किट विकत घ्यायला लावणारी व्यवस्था हे होऊच देत नाही. वर पुन्हा परवानगी मिळेपर्यंत नळ्या वितळवून गोठवल्या, तर काही प्रथिने कायमची बिघडतात. लोकांनी विश्वासाने दिलेले रक्त आहे ते, मंत्रिमहोदय!

शेरा मागे घ्या, संपूर्ण किटचा निधी एकरकमी द्या, आणि प्रस्ताव तपासणाऱ्या समितीत एक जैवसांख्यिकीतज्ज्ञ बसवा. उत्तर लेखी हवे.

आपले,
साथरोगशास्त्र व जैवसांख्यिकी क्षेत्रातील संशोधक