शाळेचा दाखला ‘सर्वश्रेष्ठ’ नाही, आणि आधारचा घोळ तर अजून निस्तरलेलाच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला वयाच्या पुराव्यांबद्दलचा लेख वाचला. ‘आधार आता बाद, शाळेचा दाखलाच खरा’ असा एकंदर सूर होता. मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत लिपिक होतो. जनरल रजिस्टर माझ्या हाताखालून गेलं आहे आणि शाळा सोडल्याचे हजारो दाखले मी स्वतः लिहिले आहेत. त्यामुळे त्या दाखल्याची ताकद मला ठाऊक आहे, तशी त्याची कच्ची बाजूही ठाऊक आहे. लेखकाने दुसरी बाजू सोडून दिली म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या बहिणीचीच हकीकत सांगतो. अक्का सूतगिरणीत कामाला होती. तिच्या तीन जन्मतारखा आहेत. शाळेत १ जून १९६४. आधारवर १ जानेवारी १९६६. आणि तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढलेल्या गाव नमुना १४ च्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेत २३ सप्टेंबर १९६४. यातली शेवटची खरी. आमची आई शेवटपर्यंत सांगायची की अक्का झाली तेव्हा पाऊस सरत आला होता आणि भुईमूग काढायचा राहिला होता.

मग १ जून कुठून आला? १९७० च्या जूनमध्ये वडील तिला पहिलीत घालायला घेऊन गेले. सप्टेंबरचा जन्म धरला तर सहा पूर्ण होत नव्हती आणि पोरीचं वर्ष गेलं असतं. गुरुजींनी वय पुरं होईल अशी तारीख लिहून टाकली. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. त्या काळात बहुतेक गावांत असंच चालायचं. मी नंतर त्या शाळेत जाऊन जुनं रजिस्टर उघडून पाहिलं. अक्काचं नाव ज्या पानावर आहे त्यावर चौदा मुलं आहेत आणि त्यातल्या अकरांची जन्मतारीख १ जून आहे, अंकी आणि अक्षरी, एकाच शाईत, एकाच हाताने. तारीख कुणी सांगितली, कशावरून लिहिली, याचा मागमूस नाही. प्रवेशाचा अर्ज असता तर वडिलांची सही तरी दिसली असती, पण ते अर्ज कधीच वाळवीने खाल्ले. कायम जपायचं ते रजिस्टर, एवढंच उरतं. दाखल्यावर आपण जी तारीख लिहितो ती या रजिस्टरातली नक्कल असते. मुळातच अंदाज असेल तर शिक्का मारून तो खरा होत नाही.

हे माझं मत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच निवडणुकीच्या एका प्रकरणात म्हटलं आहे की शाळेच्या नोंदीतली तारीख कोणी दिली आणि कशाच्या आधारे दिली हे समोर आल्याशिवाय त्या नोंदीला पुरावा म्हणून फारसं वजन नाही.

आता आधारचं. २०११ मध्ये गावच्या शिबिरात ऑपरेटरने अक्काला विचारलं, वय किती? ती म्हणाली, असेल पंचेचाळीस. त्याने पंचेचाळीस वजा केले आणि १९६६ घातलं, १ जानेवारी आपोआप आली. तिच्याकडे एकही कागद मागितला नाही. आजही कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी दिसते, ती अशीच आलेली. ती तारीख पाहिली की समजावं, इथे कागद नव्हता, नुसतं वय विचारलं होतं.

कारखान्याच्या दफ्तरात शाळेची तारीख होती. त्याप्रमाणे ३१ मे २०२२ ला अक्काला अठ्ठावन्न पूर्ण झाली म्हणून निवृत्त केलं. भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात पेन्शनचा अर्ज केला तर उत्तर आलं की आधारप्रमाणे तुम्ही छप्पन्न वर्षांच्या आहात. त्या वेळी त्या खात्याचा नियम असा होता की नोंदीतली आणि आधारवरची तारीख यांत तीन वर्षांपेक्षा कमी फरक असेल तर आधारची तारीख ग्राह्य धरायची. एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, लोकांना हेलपाटे पडू नयेत म्हणून ही सवलत काढली होती. अक्काचा फरक एकोणीस महिन्यांचा. म्हणजे सवलतीत अचूक बसली, आणि सवलत तिच्याच गळ्याला लागली. कामावर जायचं तर कारखाना म्हणतो वय झालं. पेन्शन मागावी तर कार्यालय म्हणतं वय झालं नाही.

आधार दुरुस्त करायला गेलो. केंद्रावर सांगितलं, जन्मदाखला आणा, आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा नीट विचार करून या. म्हणून तहसीलला गेलो. चार खेपा झाल्या, तेव्हा १९६४ चा बाड सापडला. नोंद स्पष्ट होती: तारीख, वडिलांचं नाव, जात, मुलगा की मुलगी या रकान्यात ‘मुलगी’. बाळाचं नाव मात्र नाही. त्या काळात कोतवाल-पाटील जन्माची वर्दी देत तेव्हा बारसंही झालेलं नसे, आणि नाव नंतर लावून घेण्याची पद्धत कुणाला माहीत नव्हती. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, काका, यात तुमच्या बहिणीचं नावच नाही, ही कोणाचीही असेल. आमच्या घरात १९६२ ते १९६८ मध्ये दुसरी मुलगी झालेली नाही, हे मी त्याला कसं पटवून देणार? सगळ्यांत जुना, सगळ्यांत विश्वासाचा, घटनेच्या त्याच आठवड्यात लिहिलेला कागद, आणि तोच चालला नाही.

अक्काला पेन्शन लागली ती १ जानेवारी २०२४ पासून. महिना अडीच हजारांच्या आसपास. एकोणीस महिन्यांचे साडेसत्तेचाळीस हजार बुडाले. आणि त्याच महिन्यात, १६ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने, त्याच खात्याने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार वगळलं! ज्या कागदावर तिची पेन्शन अडवली तो कागद पंधरा दिवसांत खात्यालाच नकोसा झाला. फरकाच्या रकमेसाठी आम्ही अर्ज दिला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.

तुमच्या लेखात ऑक्टोबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा दाखला आहे. तो निकाल मी वाचला आहे. अपघातात गेलेल्या माणसाच्या भरपाईचा तो दावा होता. आधारवर १ जानेवारी १९६९, शाळेच्या दाखल्यावर ७ ऑक्टोबर १९७०. भरपाई मोजताना वयाप्रमाणे गुणक लावतात: ४१ ते ४५ ला चौदा, ४६ ते ५० ला तेरा. म्हणजे या दोन तारखांवर कुटुंबाचे पैसे कमी-जास्त होणार होते. न्यायालयाने शाळेची तारीख धरली, कारण आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असं आधार देणारं प्राधिकरणच सांगतं. पण त्यावरून ‘शाळेचा दाखला सर्वांत वर’ असा अर्थ काढणं चूक आहे. त्या खटल्यात शाळेच्या तारखेसमोर आधारच होतं. जन्मनोंद समोर आलीच नव्हती.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये शाळेचं किंवा परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे हे खरं. पण तो क्रम मूल अठराच्या आत आहे का हे ठरवण्यासाठी आहे. तिथेही २०२३ मध्ये, पोक्सोच्या एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शाळेचा ट्रान्सफर दाखला त्या कलमात बसत नाही म्हणून तो मानला नाही. म्हणजे दीड वर्षाच्या आत एकीकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भरवसा आणि दुसरीकडे तशाच दाखल्यावर अविश्वास, हे दोन्ही एकाच न्यायालयात झालं. वाचकांना हे सांगायला हवं होतं. कुणी तुमचा लेख कापून घेऊन पेन्शनच्या खिडकीवर जाईल आणि हात हलवत परत येईल.

मग लोकांनी करायचं काय? दोन तारखांत फरक असेल तर नुसता दाखला पुढे करू नका. पहिल्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढा. प्रवेश अर्ज टिकला असेल तर त्याची साक्षांकित प्रत घ्या. गावचा जन्म-मृत्यूचा उतारा तहसीलमधून मागवा, बाळाचं नाव नसलं तरी. आणि आधारमधली दुरुस्ती सगळं जमल्यावरच करा, कारण संधी एकच आहे.

जाता जाता दवाखान्यांचंही लिहितो, कारण लेखात त्यावर एक शब्द नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार यादी, सगळ्याला जन्मदाखलाच लागणार आहे. त्यांना १ जूनची पळवाट उरलेली नाही, हे चांगलंच झालं. पण दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड म्हणजे जन्मदाखला असं समजणारे आईबाप मला अजून भेटतात. दवाखाना फक्त वर्दी देतो, एकवीस दिवसांच्या आत. दाखला निबंधकाकडून येतो. आणि वर्दीचा फॉर्म भरते कोण? रात्रपाळीची दमलेली नर्स, नाहीतर काउंटरवरचा पोरगा. माझ्या भाच्याच्या मुलीचा जन्म रात्री पावणेबाराचा. फॉर्मवर दुसऱ्या दिवसाची तारीख पडली आणि आईचं नाव आधारवर सासरचं, फॉर्मवर माहेरचं. आम्ही डिस्चार्जच्या दिवशीच फॉर्म मागून वाचला म्हणून तो तिथल्या तिथे सुधारला. एकदा नोंद निबंधकाकडे गेली की दुरुस्तीला दवाखान्याचं पत्र, केस पेपर, प्रतिज्ञापत्र, सगळं लागतं, आणि पाच-दहा वर्षांनी तो दवाखाना बंद झालेला असतो.

प्रसूतीनंतर घरी जाण्याआधी आईबापांना तो फॉर्म वाचायला देऊन त्यावर सही घ्या, एवढं जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी सगळ्या दवाखान्यांना बजावावं. आणि भविष्य निर्वाह निधी कार्यालयाने एप्रिल २०२० ते जानेवारी २०२४ या काळात आधारच्या तारखेवर अडवलेले पेन्शनचे अर्ज पुन्हा उघडावेत. आमच्या तालुक्यातल्या सूतगिरणीतल्याच अशा चार बायका मला माहीत आहेत. तुम्ही हे छापलंत तर त्यांची कागदपत्रं मी स्वतः घेऊन तुमच्या कार्यालयात येईन.

आपला,
एक निवृत्त शालेय लिपिक,
जि. सातारा