तक्रार पत्र: ऋण साठ्याला परवानगी देऊन बंद केलेल्या टिकिटाबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(आमच्या ईआरपीची पुरवठादार कंपनी)

विषय: न विचारता चालू केलेली `Allow Negative Stock` ही सेटिंग आणि त्यामुळे बिघडलेले तुरीचे मूल्यांकन

महोदय,

लातूर एमआयडीसीतल्या आमच्या डाळ मिलचा साठा आणि हिशेब गेली काही वर्षे तुमच्या ईआरपीवर चालतो. ऐन हंगामात संध्याकाळी मिलला दिलेल्या तुरीचा इश्यू पोस्ट होत नव्हता, ‘साठा अपुरा’ असा संदेश येत होता, म्हणून आम्ही टिकिट टाकले. तुमच्या सपोर्टने त्यावर एकच केले. वरची सेटिंग अख्ख्या कंपनीसाठी, सगळ्या मालासाठी, सगळ्या गोदामांसाठी चालू केली आणि ‘समस्या सुटली’ असा शेरा मारून टिकिट बंद केले. इश्यू पोस्ट होऊ लागले हे खरे. पण साठा का अपुरा दिसत होता, हे कुणीच विचारले नाही.

ते का होते ते आधी सांगतो. आमच्याकडे आयशर आली की काट्यावर भरलेली गाडी तोलली जाते, हमाल माल उतरवतात आणि निम्मी पोती गोदामात न जाता थेट हॉपरवर जातात. रिकामी गाडी पुन्हा तोलली की निव्वळ वजन कळते. म्हणजे माल आल्याची आणि किती आल्याची पक्की नोंद काटा पावतीवर दुपारीच झालेली असते. पण तुमच्या ईआरपीत जीआरएनला अंतिम दर लागतो. तो दर ओलावा, माती, बारदान्याची कपात धरून अडत्याची पट्टी आल्यावर ठरतो, आणि पट्टी येते दुसऱ्या दिवशी. इश्यू मात्र पाळी संपली की त्याच संध्याकाळी पडतो. माल आधी आला आणि नंतर दळला गेला, पण कागदावर आधी दळला आणि मग आला. साठा ऋण होतो तो इथे, आणि या क्रमाला तुमची जीआरएनची रचना भाग पाडते.

आता त्याने काय झाले ते एका दिवसाच्या हिशेबाने दाखवतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे पूर्णांकात घेतले आहेत.

सकाळी ईआरपीत तूर 40 क्विंटल, सरासरी दर 9,800 रुपये, म्हणजे किंमत 3,92,000. दिवसात 70 क्विंटलची गाडी उतरली, तिचा जीआरएन बाकी. संध्याकाळी 100 क्विंटलचा इश्यू पडला. ईआरपीने तो हाती असलेल्या एकमेव दराने, 9,800 ने, उचलला: 9,80,000. शिल्लक राहिली उणे 60 क्विंटल, उणे 5,88,000 रुपये. दुसऱ्या दिवशी पट्टी आली, दर 10,400. जीआरएन पडला 70 क्विंटल, 7,28,000. आता वजाबाकी करा. हाती 10 क्विंटल, किंमत 1,40,000. दर क्विंटलला 14,000 रुपये!

त्या दिवसांत आम्ही कुणाकडूनच 14,000 ने तूर घेतलेली नाही. त्या 10 क्विंटलची खरी किंमत 1,04,000. वरचे 36,000 म्हणजे साठ्यात नोंद नसताना उचललेल्या 60 क्विंटलवरचा, क्विंटलमागे 600 रुपयांचा फरक. तो आदल्या दिवशीच्या उत्पादन खर्चात जायला हवा होता. तुमच्या ईआरपीने तो उरलेल्या पोत्यांवर टाकला. 100 क्विंटल तुरीतून साधारण 70 क्विंटल डाळ धरली, तर त्या लॉटची डाळ क्विंटलमागे पाचशेहून अधिक रुपयांनी स्वस्त दिसली, आणि शेठनी त्याच आकड्यावर व्यापाऱ्याला भाव दिला. डाळीच्या धंद्यात क्विंटलला पाचशे रुपये म्हणजे बऱ्याचदा सगळाच नफा असतो.

जीआरएन 70 ऐवजी नेमका 60 क्विंटलचा असता तर आणखी गंमत. साठा शून्य, किंमत 36,000! गोदामात एक दाणा नाही आणि खात्यावर छत्तीस हजारांची तूर.

ही चूक टिकूनही राहत नाही, हे जास्त वाईट. पुढच्या दिवशी 10,400 ने 90 क्विंटल आले की सरासरी 10,760 वर येते. नजरेला खटकत नाही आणि फरक पुढच्या लॉटमध्ये विरून जातो. आम्हाला हे सापडले ते एका साध्या कसोटीमुळे: सरासरी दर त्या काळातल्या सर्वांत महाग खरेदीपेक्षा वर जाऊच शकत नाही. गेला तर मध्ये कुठेतरी साठा ऋण झाला होता असे समजावे. तुमच्या सपोर्टला हे सांगितल्यावर उत्तर आले, ‘जीआरएनला मागची तारीख टाका.’ टाकून पाहिली. खतावणीतला ऋण आकडा गेला, पण आधी पडलेल्या इश्यूचा दर तसाच 9,800 राहिला, कारण तुमची ईआरपी मागच्या तारखेची आवक आली तरी पुढचे इश्यू नव्याने मोजत नाही.

सेटिंग सरसकट चालू केल्याचा दुसरा परिणाम बारदान्यात दिसला. गोदामात 1,200 पिशव्या असताना कुणाकडून 500 ऐवजी 5,000 चा इश्यू टाइप झाला. पूर्वी ईआरपीने तिथेच अडवले असते. आता उणे 3,800 मुकाट्याने बसले, 10,000 चा नवा माल आल्यावर ते झाकले गेले आणि पुस्तकात 6,200 राहिल्या. गोदामात होत्या 10,700. कमी दिसल्या म्हणून गरज नसताना पुढची ऑर्डर गेली. तुरीत ऋण साठा हा कागद उशिरा आल्याचा परिणाम होता, इथे ती सरळ चूक होती. तुमच्या सेटिंगला दोन्ही सारखेच.

बँकेला द्यायच्या मासिक स्टॉक स्टेटमेंटमध्येही उणे किमती एकूण बेरजेतून गुपचूप वजा होतात. सीसीची उचल मर्यादा त्या बेरजेवर ठरते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

सेटिंग नुसती बंद करा, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ईआरपी अडते म्हणून मिल थांबत नाही. कडक बंदी घातली की मुनीम वाट काढतात: खोटी स्टॉक ॲडजस्टमेंट पडते, नाहीतर इश्यू वहीत लिहून दोन दिवसांनी एकदम चढवले जातात. त्यापेक्षा उघडा ऋण आकडा परवडला, निदान तो दिसतो.

म्हणून आमची मागणी अशी. जीआरएनचे वजन आणि दर वेगळे करा. काटा पावतीवरच, अंदाजी दराने, आवक पोस्ट होऊ द्या आणि पट्टी आल्यावर फक्त दरातला फरक पडू द्या. त्यातला जो माल तोपर्यंत वापरला गेला असेल त्याचा फरक उत्पादन खर्चात, उरलेल्याचा साठ्यात. हे झाले तर तुरीत साठा ऋण होण्याचे कारणच उरत नाही. ते होईपर्यंत ऋण साठ्याची परवानगी फक्त कच्च्या तुरीला, फक्त मिलच्या गोदामात ठेवा. बारदाना, तयार डाळ, सुटे भाग यांना आजपासून बंद. उणे आकडा शिल्लक असताना महिना बंद होऊ नये, आणि रोज सकाळी कोणता माल, कोणत्या गोदामात, कोणत्या इश्यूने ऋण झाला याचा अहवाल मिळावा.

सेटिंग चालू झाल्यापासूनचे तुरीचे सगळे इश्यू तुमच्या खर्चाने पुन्हा मूल्यांकित करून द्या. खतावणीची प्रत आणि काटा पावत्या सोबत जोडल्या आहेत. वार्षिक देखभाल कराराचा पुढचा हप्ता हे काम पूर्ण झाल्यावरच सोडला जाईल. यावेळी टिकिट बंद करण्यापूर्वी आमची लेखी संमती घ्यावी.

आपला,
लेखा व भांडार विभागप्रमुख
डाळ मिल, एमआयडीसी, लातूर